अर्ध्या काचेवरची घंटा

आमच्या खोलीत पाणी नव्हतं, हे आमचं केवढं भाग्य होतं ते पाणी आल्यावर कळलं.

त्या काळी मी एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काचा बघायचं काम करत असे. काचा म्हणजे मायक्रोस्कोपखाली ठेवायच्या स्लाइड, पण आम्ही त्यांना काचाच म्हणायचो. तपासणीला आलेल्या बायकांच्या गर्भाशयाच्या मुखावरच्या पेशी त्या काचेवर पातळ पसरून, रंगवून आमच्याकडे येत. आम्ही चौघीजणी भिंतीकडे तोंड करून बसायचो आणि एकेक काच या कडेपासून त्या कडेपर्यंत ओळी धरून बघत जायचो. एक ओळ वरून खाली, शेजारची खालून वर. दोन ओळींमध्ये फट राहता कामा नये. खराब पेशी दिसली की काचेवर शाईचा बारीक ठिपका द्यायचा आणि ती काच डॉक्टरबाईंकडे पाठवायची.

ऐकायला सोपं वाटतं. आमच्या ह्यांना तर फारच सोपं वाटायचं. "बसून पगार मिळतो, तोही सावलीत. तक्रार कसली करतेस?" असं ते म्हणत. त्यांना कसं सांगणार की शंभर काचांत एखादीच खराब निघते, आणि त्या खराब काचेतही वाईट पेशी मूठभरच, कुठल्यातरी कोपऱ्यात, चांगल्या पेशींच्या गर्दीत अंग चोरून बसलेल्या. काहीच घडत नसताना सावध राहायचं, हे काम होतं आमचं. दगड फोडणाऱ्याचे हात दुखतात, ते दिसतं तरी. आमचं लक्ष दुखायचं. ते कुणाला दाखवणार?

पण मी सांगते त्या जुन्या दिवसांत ते फारसं दुखत नसे. पाण्याचा माठ जिन्याच्या तोंडाशी होता. काचा रंगवायची खोली लांब व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला. बघून झालेला ट्रे आपणच उचलून डॉक्टरबाईंच्या खोलीत पोचवायचा आणि रंगाच्या खोलीतून नवा ट्रे आणायचा. चहा प्यायचा तर खाली उतरायचं. म्हणजे ट्रे संपला की पाय आपोआप चालू लागत. व्हरांड्याला मोठ्या खिडक्या होत्या. पलीकडे छपरं, छपरांपलीकडे पाण्याची उंच टाकी, आणि तिच्या मागे टेकडीची निळसर रेघ. हातभर अंतरावर तासन् तास खिळलेले डोळे त्या रेघेवर जाऊन पडले की पाय पसरून बसावं तसे सैलावत. परत येऊन मायक्रोस्कोपच्या नळीला डोळा लावला की पेशींच्या कडा पुन्हा स्वच्छ दिसत.

माझ्या आधी तिथं ज्या मोठ्या बाई होत्या, त्यांनी आम्हाला एकच शिस्त लावली होती. "काच संपल्याशिवाय उठायचं नाही आणि ट्रे संपल्यावर बसायचं नाही." अर्ध्या काचेवर उठलं की ओळ चुकते. कितीही हुशार असा, परत आल्यावर शेजारच्या ओळीत शिरणारच. आणि नाइलाजानं उठावंच लागलं, तर ती काच पहिल्या ओळीपासून पुन्हा. त्यात कसलीही सूट नव्हती.

मग नवे व्यवस्थापक आले. आम्ही त्यांचं नाव सोयसाहेब ठेवलं, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य "तुमच्या सोयीसाठी" असं सुरू व्हायचं. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते. आले तेव्हा न बघितलेल्या काचांचा ढीग मोठा साचला होता आणि बायकांना निकालासाठी आठवडेच्या आठवडे थांबावं लागत होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला व्हरांड्याच्या खिडकीपाशी रिकामा ट्रे घेऊन उभी असलेली बघितलं.

"मावशी, काय बघताय?"

"टेकडी."

"बाहेर बाकावर बायका निकालाची वाट बघतायत. जीव टांगणीला लागलाय त्यांचा. आणि तुम्ही टेकडी बघताय?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत.

आठवड्याभरात आमच्या खोलीत पाण्याचं यंत्र आलं, थंड आणि गरम दोन्ही. ट्रे पोचवायला आणि आणायला ढकलगाडी आली, आणि ती ढकलायला एक दादा. चहा टेबलाशी. चाकांच्या गुबगुबीत खुर्च्या आल्या, बसल्या बसल्या घरंगळत कपाटापर्यंत जाता येईल अशा. आमच्यातली एक घरून उशी आणून बसायची, तिला आम्ही उशीवाली म्हणायचो. ती तर आनंदानं रडायचीच बाकी राहिली होती. "बघा गं, माहेरी आल्यासारखं वाटतंय. सगळं हातात!" पुटपुटी, म्हणजे काच बघताना सारखी तोंडातल्या तोंडात बोलणारी, तीही त्या दिवशी मोठ्यानं म्हणाली, "माहेरी निदान परसात जावं तरी लागतं."

मीही खूश झाले होते. नवं होतं तोवर छान वाटलं. ढीग खरंच उतरायला लागला. सोयसाहेब येता-जाता ढिगाकडे अशा कौतुकानं बघत, जणू घरचं नातवंड रांगायला लागलंय.

पण दुपारी माझं काहीतरी विचित्र व्हायला लागलं. एक काच शेवटच्या ओळीपर्यंत पोचवली आणि लक्षात आलं की मधल्या ओळींत काय दिसलं ते मला आठवतच नाही. डोळे चालत होते, मी नव्हते. काच परत पहिल्यापासून बघितली. चांगलीच होती. पण हे दुसऱ्या दिवशी झालं, तिसऱ्या दिवशी झालं. पुटपुटीचं पुटपुटणं बंद पडलं होतं. उशीवालीची मान एका बाजूला धरली होती. मधे थोडी फुरसत घ्यायची म्हणून सगळ्याजणी खुर्चीतच मागे रेलून मोबाइल काढायच्या. म्हणजे हातभर अंतरावरून नजर काढली ती वीतभर अंतरावर आणली! त्याला विश्रांती म्हणायचं?

आमच्यातली चौथी सगळ्यांत लहान होती, धाकटी. कामावर येऊन वर्षही झालं नव्हतं, अजून पक्की व्हायची होती. घरी आजारी वडील, हिच्या एकटीच्या पगारावर घर. आणि नजर अशी, की मी इतक्या पोरी शिकवल्या पण तशी दुसरी बघितली नाही. तिचा उमेदवारीचा काळ संपत आला होता. पक्की होते की नोंदणीच्या काउंटरवर जाते, हे ठरायचं होतं. काउंटरवर पगार कमी होता, पण तिला ते सलत नव्हतं. "मावशी, मला हे काम येतं हो," एवढंच ती म्हणायची. "दुसरं काही मला असं येत नाही."

तिनं चांगल्या म्हणून बाजूला ठेवलेल्या काचांतल्या काही मी पुन्हा तपासत असे. तो नेमच होता. आणि एका दुपारी मला तिच्या ट्रेमधल्या एका काचेवर वाईट पेशी सापडल्या. ठिपका नव्हता. मला आधी माझाच विश्वास बसेना. आठवड्यानं दुसरी सापडली. दोन्ही बायकांना वेळेत बोलावून घेतलं गेलं, त्याचसाठी पुनर्तपासणी असते. पण नोंद नोंदच.

"डोळा कच्चा आहे मुलीचा," सोयसाहेब म्हणाले.

"डोळा कच्चा असता तर सकाळीही चुकली असती," मी म्हटलं. डॉक्टरबाईही होत्या तिथं. काचांवर क्रमांक चढते असतात, त्यामुळे कुठली काच दिवसातल्या कुठल्या वेळची ते कळतं. "दोन्ही काचा दुपारच्या, शेवटच्या ट्रेमधल्या आहेत. साहेब, ती सकाळपासून खुर्चीतून उठलेली नसते. आम्ही कुणीच नसतो. पूर्वी आम्ही चालायचो."

"पूर्वी ढीग होता."

"ढीग होता, पण काच चुकत नव्हती."

डॉक्टरबाई कमी बोलायच्या. त्या म्हणाल्या, "मला बरोबर वाटतंय हे. थोड्या थोड्या वेळानं उठून पाच मिनिटं चालायला हवं. नजर लांब जायला हवी. माझंच बघा, दुपारी मी एकेक काच दोनदा बघते."

सोयसाहेबांनी मान डोलावली. चक्क वहीत टिपून घेतलं. मी मनात म्हटलं, चला, माणूस ऐकणारा आहे. घरी जाऊन ह्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, "साहेबानं मान डोलावली की समजावं, काहीतरी विकत आणणार."

आणि घंटा आली.

शाळेत असते तशी, दाराच्या वर, विजेवर चालणारी. सोबत भिंतीला एक मोठं चित्र. त्यात एक हसरी बाई खुर्चीशेजारी उभी, दोन्ही हात आभाळाकडे. सोयसाहेबांनी आम्हाला उभं करून समजावलं. "तुमच्या सोयीसाठी. ठरावीक वेळानं घंटा वाजेल. वाजली की सगळ्यांनी लगेच उभं राहायचं. हात वर, हात खाली, मान डावीकडे, उजवीकडे. पुन्हा घंटा झाली की बसायचं. व्हरांड्यात जायची गरज नाही, तिकडे गेलं की गप्पा होतात."

"साहेब, पण काच अर्धी असेल तर?" धाकटीनं विचारलं.

"काच कुठे पळून जातेय का?"

पुटपुटी पुटपुटली, "काच नाही पळत, ओळ पळते." पण ते आम्हालाच ऐकू आलं.

मी त्यांच्या खोलीत जाऊन नीट समजावलं. म्हटलं, साहेब, शिवणयंत्रावर बाही अर्धी शिवून उठलं तर परत आल्यावर टाका दिसतो, कुठून पुढे जायचं ते कळतं. काचेवर टाका दिसत नाही. काच संपेपर्यंत थांबू द्या, मग ज्याचं त्याला उठू द्या. आणि उठायचं म्हणजे चालू द्या, त्याच दिव्यासमोर, त्याच भिंतीकडे बघत हात हलवून लक्ष ताजं होत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ज्याला त्याला हवं तेव्हा उठू दिलं, तर उठलं की नाही हे मला कसं कळणार? मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात, कुणी उठत नाही. आता उठवतोय तर तेही नको." मी त्यांच्या टेबलावर डोकं आपटायचीच बाकी राहिले. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं, ही म्हण आम्ही दोघंही एकमेकांबद्दल मनात म्हणत असणार.

झालं. घंटा वाजायची, दचकून चौघी उभ्या. चौघींचे हात वर. दारातून बघणाऱ्याला वाटावं, दरोडा पडलाय. उशीवालीची मान डावीकडे वळली की उजवीकडे वळेना. परत बसलं की कुठली ओळ, कुठली बाजू, अंदाजानं सुरुवात. आमच्या मायक्रोस्कोपला काच सरकवायची मोजपट्टी असते, तिच्यावरचा आकडा लक्षात ठेवावा म्हटलं, तर खडबडून उठताना धक्का लागून काच हलायची. काच पहिल्यापासून बघावी, हे मोठ्या बाईंचं सांगणं. पण पहिल्यापासून बघितलं की संख्या कमी भरायची, आणि संख्या कमी भरली की सोयसाहेब ढिगाकडे बोट दाखवायचे. बाकीच्या तिघी अंदाजानं पुढे जाऊ लागल्या. धाकटीही. नव्या मुलीला संख्या कमी करून कसं चालेल?

मग ती तिसरी काच सापडली. या वेळी काच बघताच मला कळलं की काय झालंय. वाईट पेशी सगळ्या एकाच अरुंद पट्टीत होत्या. तिच्या डावीकडची ओळ धाकटीनं बघितली होती, तिथल्या एका शंकेच्या पेशीवर तिचाच ठिपका होता, मग पुढे विचार करून तिनं ती साधी ठरवली होती. पट्टीच्या उजवीकडेही तिचा असाच एक ठिपका होता. मधली ओळ कोरी. ही न दिसण्याची चूक नव्हती. त्या ओळीपाशी घंटा वाजली होती.

तिला दाखवलं तेव्हा नळीला डोळा लावून कितीतरी वेळ ती पट्टी बघत बसली. मग म्हणाली, "ही बाई कोण असेल, मावशी?"

"असेल कुणीतरी. तिला बोलावतील आता."

"आणि तुम्ही ही काच उचलली नसती तर?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

तिसरी चूक झाल्यावर सोयसाहेबांना तिला काउंटरवर पाठवायचं कागदोपत्री कारण मिळालं. डॉक्टरबाई आडव्या आल्या. शेवटी ठरलं की एक पूर्ण दिवस तिची परीक्षा घ्यायची. जुन्या, निकाल माहीत असलेल्या काचांचे ट्रे, त्यांत काही खराब काचा मिसळलेल्या. सगळ्या खराब काचा तिनं पकडल्या, आणि संध्याकाळपर्यंत ट्रे संपवले, तर पक्की. नाहीतर काउंटर.

मी विचारलं, "त्या दिवशी घंटा बंद ठेवाल?"

"मावशी, नियम सगळ्यांना सारखा. उलट त्या दिवशी घंटेचा फायदाच होईल तिला."

आदल्या संध्याकाळी मी धाकटीला व्हरांड्यात घेऊन गेले. बाकीच्या निघून गेल्या होत्या. आम्ही दोघी टोकापर्यंत जाऊन परत आलो, पुन्हा गेलो. म्हटलं, "पाय आठवतायत का बघ, कसं असायचं ते."

"तेव्हा मी नवी होते. मला वाटायचं तुम्ही सगळ्याजणी काम चुकवायला फिरता."

"अगं, थोडं ते पण होतं."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

"ऐक," मी म्हटलं. "उद्या घंटा झाली तरी उठू नकोस. हातातली काच संपव. मग ऊठ, खोलीत थांबू नकोस, इथे ये. रमतगमत नाही, जरा झपझप चाल. खिडकीतून लांब बघ. मोबाइल पिशवीतच राहू दे. अंगात थोडी ऊब आली की परत. दोन-तीन काचांनी वाटलं की डोळे नुसते सरकतायत, मी मागे राहिले, तर पुन्हा ऊठ. वाटायची वाट बघत बसू नकोस, दुपारनंतर तर मुळीच नाही. थकवा आलेला कळतो तोवर एखादी काच गेलेली असते."

"आणि साहेब?"

"साहेबांचं मी बघते."

"तुम्ही काय बघणार, मावशी? तुमचं तर ते काही ऐकतच नाहीत."

हे खरं होतं, म्हणून मला जास्त झोंबलं.

परीक्षेच्या दिवशी सोयसाहेब खुर्ची घेऊन दाराशीच बसले. डॉक्टरबाईंनीही आपलं काम आमच्या खोलीत आणलं. पहिली घंटा वाजली. आम्ही तिघी उभ्या राहिलो, हात वर. धाकटी नळीला डोळा लावून तशीच. नुसता कान तेवढा लाल झालेला मला मागून दिसला.

"बाई, उठा," सोयसाहेब म्हणाले.

ती हलली नाही. काच सरकवायची चक्री तिच्या बोटांत फिरतच होती.

"अहो बाई—"

"साहेब, काच अर्धी आहे," मी म्हटलं. माझे हात अजून वरच होते.

"तुमच्याशी बोलत नाहीये मी."

"काच संपू द्या तिची," डॉक्टरबाई मान वर न करता म्हणाल्या. "एवढं एक माझ्यासाठी."

आमची बसायची घंटा झाली, आम्ही बसलो. आणि मग धाकटीची काच संपली. तिनं ती ट्रेमध्ये ठेवली, उठली, आणि सरळ दाराबाहेर गेली. साहेबांच्या खुर्चीला वळसा घालून.

"ही कुठे निघाली? आता तर बसायची वेळ आहे!"

व्हरांड्यातून तिच्या चपलांचा आवाज लांब जात गेला, थांबला, मग जवळ येत गेला. ती आली, बसली, पुढची काच लावली.

दिवसभर असंच. घंटेला बसून राही, घंटेनंतर उठे. दुपारी तर फारच वेळा उठायला लागली. मला वाटलं, अगं बाई, एवढं नको, ट्रे संपायचे कसे? चालण्यानं तरतरी येते, पण वेळ काही चालून वाढत नाही. सोयसाहेब मनगटाकडे बघत होते. संध्याकाळ होत आली आणि तिच्या शेवटच्या ट्रेमध्ये बऱ्याच काचा उरल्या होत्या. त्यातच घंटा वाजली. ही शेवटची घंटा. मी हात वर केले आणि बघितलं, तर तिचा खांदा पुढे झुकलेला, बोटं चक्रीवर थांबलेली. तिनं चक्री हळूच मागे फिरवली, पुन्हा पुढे आणली. मग शाईचं टोक उचललं आणि ठिपका दिला. त्या गडबडीत. घंटा वाजत असताना.

शेवटची काच संपली तेव्हा दिवे लागायला आले होते. उशीर झाला की नाही यावर सोयसाहेब बोलणार होते, पण डॉक्टरबाईंनी ट्रे उचलून आपल्यापुढे ओढले. आम्ही कुणी घरी गेलो नाही. उशीवाली उशी पोटाशी धरून उभी होती. डॉक्टरबाईंनी एकेक काच निकालाशी ताडली. सगळ्या खराब काचा पकडल्या होत्या. एक चांगली काच तिनं उगाच संशयाची धरली होती. "चालेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अशी चूक मला रोज चालेल." आणि त्या घंटेच्या वेळचा ठिपका? त्या ट्रेमधली सगळ्यांत कठीण काच होती ती. "पूर्वी एकदा माझ्याकडूनही सुटली होती," असं डॉक्टरबाईंनी सांगितलं.

धाकटी पक्की झाली. पुटपुटीनं तिला मिठी मारली आणि काय पुटपुटली ते फक्त तिलाच कळलं.

इथे गोष्ट संपली असती तर मी आज इतकी चिडून लिहायला बसले नसते.

पुढच्या आठवड्यात सगळ्या विभागप्रमुखांची बैठक झाली. आम्हालाही मागच्या रांगेत बसवलं होतं. सोयसाहेब उभे राहिले आणि म्हणाले की आमच्या विभागात पूर्वी काचा चुकत होत्या. आम्ही हालचालीची घंटा सुरू केली, आणि ज्या मुलीच्या सर्वांत जास्त चुका होत होत्या, तिनं घंटा चालू असतानाच्या दिवशी एकही खराब काच सोडली नाही. "तीच तुम्हाला सांगेल."

धाकटी उभी राहिली. म्हटलं, आता सांगेल. सगळ्यांसमोर, अगदी सरळ.

"बसून बसून लक्ष उडतं," ती म्हणाली. "मधेमधे उठायलाच हवं. घंटा वाजली की त्याची आठवण राहते." आणि बसली. टाळ्या झाल्या.

एक शब्द खोटा नव्हता आणि सगळं खोटं होतं. मी उठायला लागले. माझा गुडघा खुर्चीला आपटला, पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागे बघितलं. धाकटीनंही बघितलं. तिनं मान हलवली, अगदी थोडी. मी बसले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

बाहेर आल्यावर मी तिला कोपऱ्यात गाठलं. "का गं? तोंडात जीभ नव्हती? घंटेमुळे ती ओळ सुटली होती तुझी. घंटेमुळे!"

"मला माहीत आहे, मावशी."

"मग?"

"मग काय? आत्ताच कुठे पक्की झाले. आजच त्यांना खोटं पाडू? ते मला काउंटरवर नाही पाठवणार, पण रोज दाराशी खुर्ची टाकून बसतील. आणि तुम्ही बोलला असतात तर ते म्हणाले असते, ज्येष्ठ बाईंना काही बदल सोसत नाही." तिचे डोळे भरले होते. "तुम्हाला खरं ठरायचंय. मला काचा बघायच्यात."

मला राग आला. तिचा आला, साहेबांचा आला, स्वतःचा तर आलाच.

घंटा इतर विभागांतही गेली. हिशेबाच्या खोलीत गेली, तिथं माणसं बेरीज अर्धी टाकून हात वर करू लागली. आमच्या खोलीत भिंतीवरचं चित्र बदललं. आता त्यावर धाकटीचा फोटो होता, दोन्ही हात आभाळाकडे. तो काढायला फोटोवाला आला तेव्हा ती एकदाच काय ती घंटेला उभी राहिली. एरवी ती कधीच उठत नसे. काच संपली की उठायची, व्हरांड्यात जायची, चालून यायची. सोयसाहेब बघूनही बघत नसत. आपल्या फोटोतल्या मुलीला कसं टोकणार?

मी त्यांच्याकडे गेले. "तिला चालतं, मग आम्हालाही चालू द्या."

"तिची गोष्ट वेगळी आहे, मावशी. ती करून दाखवलेली मुलगी आहे. तुम्ही ज्येष्ठ. तुम्हीच नियम मोडलात तर बाकीच्यांनी काय करायचं?"

निवृत्त होईपर्यंत मी घंटेला उठले. हात वर, हात खाली, मान डावीकडे, मान उजवीकडे. मग बसून ती काच पहिल्या ओळीपासून पुन्हा. माझी संख्या खोलीत सगळ्यांत कमी भरायची, आणि दर महिन्याला सोयसाहेब ते मला हळुवारपणे, वयाचा मान राखून सांगायचे. वय झालं की वेग कमी होणारच, मावशी, मनाला लावून घेऊ नका.

अशाच एका दुपारी मी हात वर करून भिंतीकडे बघत उभी होते. मागून चपलांचा आवाज आला. धाकटी तिची काच संपवून बाहेर निघाली होती. माझ्या खुर्चीपाशी थांबली आणि कानाशी येऊन म्हणाली, "मावशी, येता का?"

"माझी काच अर्धी आहे," मी म्हटलं.

तिनं माझ्या मायक्रोस्कोपखालच्या काचेकडे बघितलं. मग एकटीच गेली.